लाल खिडकी नेमकं काय सांगते?

वाईजवळच्या एका गावात माझ्या मामांचं घर आहे. शेती, दोन गायी आणि तीन फेजचं वीज कनेक्शन. मागे एकदा ऑक्टोबरात परतीच्या पावसाने तिथे संध्याकाळभर झोडपलं. विजा कडाडत होत्या, वारा सुटला होता, लाईट गेली आणि दोन तासांनी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी डीबीचं दार उघडलं, तर मी हौसेने बसवून घेतलेल्या एसपीडीच्या चार छोट्या खिडक्यांपैकी दोन लाल झालेल्या. घरातले दोन एलईडी बल्ब आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स गेला होता. फ्रिज वाचला, कारण त्याच्या स्टॅबिलायझरने व्होल्टेज वाढलेलं पाहून पुरवठा तोडला होता.

मामांनी फोनवर विचारलं, "अरे, दिवे लागतायत, पंखे फिरतायत, मोटारही चालते. मग हे लाल झालं म्हणजे बिघडलं काय?"

हा प्रश्न मला कामानिमित्त खूप जणांनी विचारला आहे. एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस, वीज कोसळल्यावर किंवा लाईनवर अचानक उसळी आल्यावर घरातली उपकरणं वाचवणारा डबा. लोकांना वाटतं की तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा विजेच्या वाटेत उभा असतो, म्हणजे तो बिघडला तर वीजच बंद पडायला हवी. पण तो वाटेत नसतोच, वाटेच्या कडेला असतो. मामांना मी धोम धरणाचं उदाहरण दिलं. कालव्याचं पाणी कालव्याने येतं, सांडवा बाजूला असतो. सांडव्याची दारं कोणी भिंत घालून बंद केली, तरी कालव्याला रोजच्यासारखंच पाणी येईल. फरक कळेल तो पूर आल्यावर. लाल खिडकी म्हणजे सांडवा बंद झाला. घरातली वीज जशीच्या तशी चालू आहे, आणि पुढची उसळी आली तर तिला बाहेर जायला वाट नाही.

आतली रचना कळली तर पुढचं सगळं सोपं होतं. त्या बोटभर रुंदीच्या कार्ट्रिजमध्ये एक चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी ती विकसित केली. झिंक ऑक्साइडची बारीक भुकटी, त्यात बिस्मथसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा अंश, हे सगळं दाबून भट्टीत भाजलेलं असतं. भाजल्यावर झिंक ऑक्साइडचे कण एकमेकांना चिकटतात आणि दोन कणांच्या मधली प्रत्येक सीमा सुमारे ३ व्होल्टपर्यंत वीज अडवून धरते. त्याहून जास्त दाब आला की ती वाट मोकळी करते. मामांच्या कार्ट्रिजवर २७५ व्होल्ट छापलं होतं. म्हणजे कायमचा एवढा दाब तिला सोसतो. अशा चकतीच्या जाडीत साधारण दीडशे सीमा एकामागे एक येतात आणि ४३० व्होल्टच्या आसपास ती वाहू लागते.

आपल्या घरातलं २३० व्होल्ट हे एक प्रकारची सरासरी असते. प्रत्यक्षात दाब दर सेकंदाला शंभर वेळा ३२५ व्होल्टच्या शिखरावर जाऊन येतो. ३२५ आणि ४३० यांच्यात अंतर आहे, म्हणून रोजच्या दिवसांत चकती स्वस्थ असते. विजेची उसळी हजारो व्होल्टची, पण ती सेकंदाच्या काही लाखांश भागापुरती. तेवढ्यात चकती हजारो अँपिअर बाजूला वळवते आणि पुन्हा स्वस्थ होते. विस्तवावरून हात झटकन फिरवला तर भाजत नाही, तसं ते आहे.

पण प्रत्येक मोठ्या उसळीत काही सीमा कायमच्या जायबंदी होतात. दीडशेच्या ऐवजी समजा एकशे वीसच धड राहिल्या, तर चकती ४३०ऐवजी ३४५ व्होल्टच्या आसपासच वाहू लागते आणि रोजचं शिखर तिच्या फार जवळ येतं. मग तिच्यातून थोडा प्रवाह सतत झिरपतो, ती गरम होते, गरम झाल्यामुळे अधिक झिरपतो. हे असंच चालू राहिलं तर आग लागेल. म्हणून चकतीला जोडणारी एक पट्टी कमी तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरच्या डागाने धरून ठेवलेली असते आणि मागून स्प्रिंग तिला ओढत असते. चकती तापली की डाग सुटतो, स्प्रिंग पट्टीला मागे खेचते, चकती लाईनपासून अलग होते. त्याच हालचालीने खिडकीमागची हिरवी पट्टी सरकते आणि लाल दिसते. बहुतेक साध्या एसपीडीत हे एवढंच आहे, पूर्णपणे यांत्रिक. लाल म्हणजे दिवा नाही, रंग लावलेल्या प्लॅस्टिकचा तुकडा आहे.

म्हणजे ती खिडकी एकच गोष्ट सांगते: आतला डाग सुटला आहे की नाही. तो का सुटला, हे तिला माहीत नाही. मामांच्या घरी आमची फसगत झाली ती इथेच.

आधी त्या चार खिडक्यांचं पाहू, कारण लाईनवर किती संरक्षण उरलं याचं उत्तर त्यांच्यात आहे. तीन खिडक्या आर, वाय आणि बी या तीन फेजच्या, चौथी न्यूट्रलची. मामांकडे वाय आणि बी लाल, आर आणि न्यूट्रल हिरव्या. मामांचा हिशोब असा होता की चारपैकी दोन चालू आहेत, म्हणजे निम्मं संरक्षण आहे. तसं ते नसतं. प्रत्येक फेजची चकती त्या फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असते. चौथ्या कार्ट्रिजमध्ये चकती नसून वायू भरलेली एक नळी असते आणि ती न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये बसवलेली असते. फेजवरची उसळी जमिनीत जायची तर आधी स्वतःच्या चकतीतून न्यूट्रलवर आणि मग त्या नळीतून अर्थिंगला, अशी दोन टप्प्यांची वाट आहे. पहिला टप्पाच तुटला, तर दुसरा शाबूत असून त्या फेजला उपयोग नाही. म्हणजे आर फेजवरची उपकरणं पूर्वीइतकीच सुरक्षित, वाय आणि बी फेजवरची पूर्ण उघडी.

सिंगल फेजच्या घरांत तर हे आणखी फसवं असतं. तिथे दोनच खिडक्या. फेजची लाल झाली आणि शेजारची न्यूट्रलची हिरवी राहिली, की "एक तरी चालू आहे" असं समाधान लोक मानतात. फेजची लाल झाली की तुमच्या टीव्ही-फ्रिजसाठी तो डबा भिंतीवर असून नसल्यासारखा आहे.

तर मामांना मी सांगितलं की टीव्हीचा, इंटरनेटच्या राउटरचा आणि फ्रिजचा प्लग आभाळ भरून आलं की काढत जा, आणि वायरमनकडून त्याच कंपनीच्या, तेवढ्याच व्होल्टच्या दोन कार्ट्रिज बदलून घ्या. गावचा वायरमन जाणता माणूस आहे. त्याने मेन बंद करून जुन्या काढल्या, नव्या बसवल्या आणि मेन चालू केल्यावर मीटर लावून तिन्ही फेज पाहिले: २३१, २२९, २३३. सगळं ठीक. चारही खिडक्या हिरव्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मामांचा पुन्हा फोन. आभाळ स्वच्छ, रात्रभर वीज कडाडली नाही, आणि त्याच दोन खिडक्या पुन्हा लाल. वाय आणि बी. शेजारून ऐकू आलं, मामी म्हणत होत्या, "आणि त्याला गिझरचंही सांगा. पाणी कोमटच येतंय."

गिझरचं ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मामांना म्हटलं, "मामा, गिझर आत्ता बंद करा आणि मी येईपर्यंत लावू नका. आणि घरातले सगळे प्लग काढून ठेवा." दुपारपर्यंत मी पोचलो.

गिझर आर फेजवर होता. दोन हजार वॉटचा. आर फेजची खिडकी दोन्ही वेळा हिरवी राहिली होती आणि उरलेल्या दोन्ही फेजच्या दोन्ही वेळा लाल. वीज कोसळते तेव्हा ती असा नेमका भेदभाव दोनदा करत नाही. वायरमनला बोलावून घेतलं. आम्ही सगळी उपकरणं काढली आणि त्याच्याकडचे शंभर वॉटचे जुने पिवळे बल्ब होल्डरला लावले, वाय फेजवर तीन आणि बी फेजवर एक. मीटर लावलं, तिन्ही फेज पुन्हा २३०च्या आसपास. मग मी गिझर चालू केला. दोन-तीन सेकंद काही झालं नाही, आणि एकदम बल्ब डोळे दिपतील असे पेटले. वाय फेजवर ३४०, बी फेजवर ३६०. आर फेजवर जेमतेम ६०. लगेच मेन पाडला.

हे न्यूट्रल सुटल्याचं लक्षण आहे. तीन फेज एकमेकांशी ४०० व्होल्टने ताणलेले असतात आणि न्यूट्रल त्यांना मधोमध धरून ठेवतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला २३० येतात. मधली गाठ सुटली की ज्या फेजवर जास्त भार, त्याच्याकडे मधला बिंदू ओढला जातो. त्या फेजचं व्होल्टेज कोसळतं आणि हलका भार असलेल्या फेजचं चढतं, अगदी ४००च्या जवळपर्यंत. गिझर ६० व्होल्टवर चालत होता, म्हणून पाणी कोमट. बाकीच्या दोन फेजवर चकत्या भाजून निघत होत्या. ३६० व्होल्टचं शिखर ५१० व्होल्टला जातं. ४३०ला वाहू लागणारी चकती दर सेकंदाला शंभर वेळा उघडत होती, आणि तेही एका क्षणापुरतं नाही, मामांची आंघोळ होईपर्यंत. विस्तवावर हात धरूनच ठेवल्यासारखं. अशा वेळी सोल्डरचा डाग सुटणं हेच बरोबर आहे. तो सुटला नसता तर डीबीने पेट घेतला असता.

मग वायरमनच्या मीटरला आदल्या दिवशी हे दिसलं का नाही? कारण तेव्हा घरात दोन-चार दिवेच चालू होते. आम्ही वीज कंपनीच्या लाईनमनला कळवलं. तो संध्याकाळी येऊन खांबावर चढला. सर्व्हिस वायरचा न्यूट्रल जिथे लाईनला जोडला होता, तो जोड वाऱ्याच्या हिसक्यांनी ढिला झाला होता. आत ठिणग्या पडून ॲल्युमिनियमवर काळा थर जमला होता. दिव्यांचा अर्धा-एक अँपिअर तो जोड कसाबसा वाहून नेत होता. गिझरने पावणेनऊ अँपिअर ओढले की तापून संपर्क तुटत होता, आणि भार गेला की पुन्हा टेकत होता. वादळाच्या रात्री विजेची उसळीही आली असेल, मी ती नाकारत नाही. पण त्या घरातले बल्ब, सेट-टॉप बॉक्स आणि पहिल्या दोन कार्ट्रिज यांचा बळी वाऱ्याने घेतला, विजेने नाही, असं माझं मत आहे. ढिल्या जोडाने नेमक्या त्याच दोन खिडक्या दुसऱ्यांदा लाल केल्या, यापेक्षा चांगला पुरावा मला नको.

वादळानंतर लाल झालेल्या खिडकीचा दोष सरसकट आकाशातल्या विजेला देण्याची सवय म्हणूनच महागात पडते. आपल्याकडे वादळात फांद्या तारांवर पडतात, तारा झुलतात, खांबावरचे जोड सैल होतात. नवी कार्ट्रिज बसवण्याआधी प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजायला हवं, आणि ते भार टाकून मोजायला हवं. गिझर किंवा इस्त्री एका फेजवर चालू करून बाकीच्या दोन्ही फेजवर मीटर धरायचं. ते आकडे दोन-चार व्होल्टने हलले तर चालेल. पंधरा-वीस व्होल्टने चढले तर न्यूट्रलचा जोड संशयास्पद आहे. दिवे एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत प्रखर दिसणं, गिझर लावताच दुसरीकडचा पंखा जोरात फिरणं, न्यूट्रलच्या तारेला टेस्टर लावल्यावर तो पेटणं, या त्याच दुखण्याच्या खुणा आहेत. यातलं काहीही दिसलं तर मेन पाडावा, कारण तेव्हा न्यूट्रलला हात लागला तरी झटका बसू शकतो. सिंगल फेजच्या घरात स्वतःचाच न्यूट्रल सुटला तर दिवे नुसते बंद पडतात. पण गल्लीच्या लाईनचा न्यूट्रल तुटला, तर त्याही घरात हेच चढलेलं व्होल्टेज येतं.

एसपीडी या दुखण्यावरचं औषध नाही, हेही सांगायला हवं. तो क्षणभराच्या उसळीसाठी आहे. मिनिटभर टिकणाऱ्या वाढीव व्होल्टेजसाठी वेगळा रिले मिळतो, जो ठरवलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की सगळा पुरवठा तोडतो आणि स्थिर झाल्यावर जोडतो. फ्रिजच्या स्टॅबिलायझरने नेमकं तेच केलं होतं. गावाकडच्या तीन फेजच्या घरात मी आता हे दोन्ही एकत्रच बसवायला सांगतो.

लाल खिडकी निदान लक्ष तरी वेधते. मला जास्त काळजी वाटते ती हिरव्या खिडकीची. एसपीडीच्या आधी त्याच्यासाठी म्हणून एक वेगळा एमसीबी किंवा फ्यूज असतो. फार मोठी उसळी आली तर चकती एका क्षणात फुटून शॉर्ट होते, सोल्डर वितळायला वेळच मिळत नाही, आणि तो एमसीबी पडतो किंवा फ्यूज जातो. खिडकी हिरवीच राहू शकते, आणि एसपीडी लाईनवर नसतोच. वादळानंतर म्हणून खिडकीबरोबर त्या एमसीबीची कळही पाहायची. ती पडलेली असेल तर नुसती वर करून पाहायची नाही. आत शॉर्ट झालेली चकती असू शकते. आधी कार्ट्रिज काढून तपासून घ्यायची. हीच गत अर्थिंगची. अर्थिंगची तार उंदराने कुरतडली असेल किंवा खड्ड्यातली पट्टी गंजून तुटली असेल, तरी चारही खिडक्या हिरव्या दिसतील. ज्या एसपीडींवर रंगीत पट्टीऐवजी बारीक हिरवा दिवा असतो, तिथे दिवा विझलेला असणं म्हणजे एकतर कार्ट्रिज गेली किंवा तिथवर वीजच पोचत नाही. दोन्ही अर्थांनी संरक्षण नाही.

चकती किती झिजली हेही हिरवा रंग सांगत नाही. दीडशेपैकी वीस सीमा गेल्या तरी खिडकी हिरवी, आणि पुढच्याच वादळात ती लाल. काही महागड्या एसपीडींत मधली पिवळी किंवा नारिंगी अवस्था असते. आत दोन चकत्या शेजारी-शेजारी असतात, एक गेली की पिवळं, दोन्ही गेल्या की लाल. पिवळं दिसलं तर संरक्षण चालू आहे, पण राखीव बळ संपलं आहे. कार्ट्रिज मागवायची वेळ हीच, कारण तालुक्याच्या गावी नेमक्या त्या मॉडेलची कार्ट्रिज दुकानात असेलच असं नाही. कार्ट्रिज थोड्या फरकाने दुसऱ्या मापाची चालेल का, असं विचारतात. तळाच्या खाचेत ती बसली तरी छापलेलं व्होल्टेज वेगळं असेल तर बसवू नये. आणि चौथ्या, न्यूट्रलच्या घरात फेजची कार्ट्रिज घुसवायची तर मुळीच नाही, कारण तिथे चकती नव्हे, वायूची नळी असायला हवी.

कार्ट्रिज मिळेपर्यंतचे दिवस प्लग काढूनच निभवायचे. स्विच बंद करून भागत नाही, कारण उसळीला स्विचमधली दोन-तीन मिलिमीटरची फट सहज ओलांडता येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते मामांच्या मुलाच्या फोनवर आहे. तो शेतातून फोन करतो आणि मामी प्लग काढतात, असं त्या आठवड्यात चाललं होतं. पण हे वीज डोक्यावर येण्याआधी करायचं काम आहे. कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावू नये.

लाईनमनने खांबावरचा जुना जोड कापून नवा क्लॅम्प लावला. नंतर आम्ही पुन्हा गिझर चालू केला आणि दहा मिनिटं मीटर धरून उभे राहिलो. वाय २३४, बी २३३, आर २२६. मग मेन बंद करून दोन नव्या कार्ट्रिज बसवल्या. आर फेजची जुनीच ठेवली, कारण त्या सगळ्या गोंधळात तिच्या वाट्याला कमी व्होल्टेज आलं होतं, जास्त नाही. प्रत्येकीवर मार्कर पेनने तारीख घातली. मामांनी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला कोणत्या खिडकीचा कोणता फेज आणि त्या फेजवर घरातल्या कोणत्या खोल्या, हे खडूने लिहिलं. मामींनी ते पाहिलं आणि पुसलं जाईल म्हणून रंगाचा ब्रश आणून दिला.